सिलिंडरवर बर्फ धरतोय? गळती नाही, पण एका सिलिंडरवर भार जास्त आहे

दादा, आधी शेगडी बंद कर आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बघ. बुडबुडे नाहीत ना? मग घाबरू नकोस.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. तू नॉब उघडलास की तो आत उकळतो आणि वाफ होऊन बर्नरकडे जातो. एक किलो गॅसची वाफ व्हायला साधारण एक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता लागते. ती येते पत्र्यातून, बाहेरच्या हवेतून. तुझी मोठी भट्टी तासाला दीड किलो ओढत असेल, तर हवेतून तेवढी उष्णता वेळेत पोचत नाही. मग द्रव स्वतःच गार होतो, पत्र्यावर दव आणि पुढे बर्फ धरतो. द्रव गार झाला की आतला दाब उतरतो, आणि ज्योत मंदावते. बर्फाची वरची रेघ म्हणजे साधारण आतल्या द्रवाची पातळी.

म्हणूनच भरलेल्या सिलिंडरवर सकाळी जोरात चाललेली भट्टी दुपारी सिलिंडर अर्ध्यावर आला की रडते: द्रवाला टेकलेला पत्रा कमी उरतो. त्यात हा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण: प्रोपेन आधी उडून जातो, मागे राहतो ब्युटेन, ज्याचा दाब मुळातच कमी.

उपाय एकच, दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एकाच सामाईक नळीवर, एकत्र जोडून घे, तेही एजन्सीच्या माणसाकडून. भार वाटला जातो. सिलिंडर आडवा करू नकोस, द्रव थेट बर्नरला जाऊन भडका उडतो. उकळतं पाणी ओतणं किंवा खाली आच धरणं तर बिलकुल नाही, कितीही जुना आचारी सांगो.