काटा हलत नाही, मग प्रोग्रेस कशात बघायची?

दोन महिने वॉक अन डाएट करून वजन जैसे थे, पँट मात्र ढिली झाली. शुगर बॉर्डरलाइन आहे. फायदा होतोय का नाही कसं समजणार?

होतोय ना भाऊ, पोटाची चरबी बहुतेक उतरत आहे. पण पँटचं कापड सैल पडतं, म्हणून टेपच लावा, शेवटची बरगडी अन कमरेचं हाड याच्या बरोबर मधे, सकाळी उपाशीपोटी, श्वास नॉर्मल सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमीच्या खाली, बायकांना 80 च्या खाली बरं मानतात.

एचबीएवनसी लगेच करू नका, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी येते, म्हणून सुरुवातीपासून तीन महिने झाल्यावर, त्याच लॅबमधे करा. अन आपल्या विदर्भात सिकलसेल बरंच आहे, घरात कोणाला असेल तर डॉक्टरला आधी सांगा, कारण त्यात हा आकडा चुकू शकतो, मग उपाशीपोटीची शुगर बघावी लागते. आयर्न कमी असलं तर उलट तो खोटा वाढलेला दिसतो.

स्टॅमिना दरवेळी अंबाझरी तलावाच्या त्याच राउंडवर तपासा, पण मे महिन्यात नको, त्या उन्हात कोणाचीही धडधड वाढते.