नैराश्याच्या अभ्यासाचा निकाल सहभागींपर्यंत नेताना

प्रश्न: आमच्या संस्थेने तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत नैराश्यावरच्या समुपदेशनाचा अभ्यास केला. आता सहभागींना आणि बचत गटांना दोन पानांत निकाल द्यायचा आहे. शोधनिबंधाचा सारांशच सोप्या मराठीत उतरवला तर चालेल का? आकडे किती द्यावेत?

उत्तर:

नाही चालणार. तो सारांश दुसऱ्या संशोधकांसाठी लिहिलेला असतो. सहभागी बाईचा प्रश्न वेगळा असतो: माझ्याकडे समुपदेशक का आली नाही? ज्यांच्याकडे ती गेली त्यांना खरंच बरं वाटलं का? आणि मला अजून बरं वाटत नाही, त्याचं काय? पानं याच क्रमाने लिहा.

तुमच्या अभ्यासाच्या अगदी जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे. ‘संगत’ संस्थेचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते. अर्ध्या लोकांची तपासणी करून डॉक्टरांना निकाल कळवला आणि उपचारांची मार्गदर्शिका दिली. उरलेल्या अर्ध्यांना हे सगळं होतंच, शिवाय प्रशिक्षण घेतलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी सहा ते आठ वेळा बोलणी केली. बंद पडलेली कामं, गाठीभेटी, आवडीच्या गोष्टी पुन्हा कशा सुरू करायच्या, हा त्या बोलण्याचा गाभा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी असं लिहीन: ‘कोणाकडे समुपदेशक जाणार हे कोणाचा त्रास जास्त, कोण गरजू, यावरून ठरवलं नाही. चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. दोन्ही गटांतल्या लोकांची माहिती डॉक्टरांना दिली होती.’ शेवटचं वाक्य गाळलं, की दुसऱ्या गटातल्यांना वाटतं आपल्याला वाऱ्यावर सोडलं होतं. त्यांना काय मिळालं हे ठळक लिहाच.

आता आकडे. शोधनिबंधात सगळ्यात वर नैराश्याच्या प्रश्नावलीतले सरासरी गुण असतात. गोव्यात तीन महिन्यांनी ते साधारण २० विरुद्ध २७.५ होते. वाचणाऱ्याला यातून काही कळत नाही, म्हणून गाळा. त्याऐवजी हे द्या: समुपदेशन मिळालेल्या दर १०० जणांपैकी ६४ जणांचा त्रास तीन महिन्यांनी ठरवलेल्या मर्यादेखाली आला, न मिळालेल्या १०० पैकी ३९ जणांचा. म्हणजे १०० मागे २५ जास्त. निबंधात हाच फरक ‘१.६१ पट’ असाही आहे, आणि कोणीतरी त्याचं ‘६१ टक्के जास्त फायदा’ करून मथळ्यात टाकतंच. चूक नाही, पण ऐकणारा ‘१०० पैकी ६१ बरे झाले’ असंच समजतो.

‘बरे झाले’ हा शब्दही जपून. मोजलं होतं ते इतकंच, की दुसऱ्या एका, नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत गुण १० च्या खाली आले. ‘त्रास बराच कमी झाला’ एवढंच म्हणा.

पुढची ओळ बहुतेक जण टाळतात, पण माझ्या मते तीच सगळ्यात गरजेची आहे: ‘समुपदेशन मिळूनही १०० पैकी ३६ जणांचा त्रास या मर्यादेखाली आला नाही.’ त्या ३६ मधली माणसंही तुमचं पान वाचणार आहेत. त्याच परिच्छेदात लिहा, की यात त्यांची काही कसूर नाही, आणि पुढे कुठे जायचं: आरोग्य केंद्राचा वार-वेळ आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक.

वर्षानंतरचा आकडाही द्या. गोव्यात तो ६३ विरुद्ध ४८ होता. पहिल्या गटाने कमावलेलं टिकलं. दुसऱ्या गटातलेही आणखी काही जण सुधारले, म्हणून अंतर कमी झालं. हे न सांगता फक्त तीन महिन्यांचा आकडा बचत गटापुढे ठेवला, तर समुपदेशन आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. तीन महिन्यांनी ४६६ जणांचीच माहिती मिळाली होती, हेही एका वाक्यात सांगून टाका.

बचत गटाची प्रत वेगळी करा. आत्महत्येचा प्रयत्न, घरातली मारहाण अशा घटना दोन-चारच असतील, तर गाव, वय, महिना काहीच येऊ देऊ नका. ‘एका तरुण विधवेने’ एवढ्यावरून गाव माणूस ओळखतं. अशा घटना दोन्ही गटांत सारख्याच होत्या का, एवढं सांगितलं की पुरे.

छापण्याआधी अभ्यासात नसलेल्या तीन-चार जणींना वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘हे शेजारणीला कसं सांगाल?’ असं विचारा. ‘जास्त आजारी होत्या त्यांच्याकडे बाई गेल्या’ असं आलं, की चिठ्ठीचा परिच्छेद पुन्हा लिहायचा.

पाठवताना पाकिटावर अभ्यासाचं नाव किंवा मानसिक आरोग्याचा शिक्का नको. घरच्यांना माहीत नसलेल्या सहभागी असतातच. शक्यतो आधी फोन करून निकाल हवा का, कुठे द्यायचा, हे विचारून घ्या. नको म्हणणाऱ्यांना देऊ नका.