लाँड्रीने आटवलेला स्वेटर आणि आतले लेबल

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी ९,२०० रुपयांना घेतलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर पुण्यातल्या एका लाँड्रीत दिला होता. तो आटून लहान मुलाच्या मापाचा झाला. "लेबलवरची बारीक चिन्हे आम्हाला कळत नाहीत, पावतीमागे लिहिल्याप्रमाणे धुलाईच्या दहापट, म्हणजे २,५०० रुपये घ्या," असे मालक म्हणतात. लेबलचा जवळून काढलेला फोटो जोडला आहे. मी काय करावे?

उत्तर : फोटोत पाण्याच्या टबात हात बुडवलेले चिन्ह आहे, म्हणजे कपडा फक्त हाताने धुवायचा. शेजारी चौकोनातले वर्तुळ फुलीने खोडलेले आहे, म्हणजे तो यंत्रात फिरवून वाळवायचा नाही. खालच्या चार भाषांतील मजकुरात हीच सूचना इंग्रजीतही आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार कपडा लाँड्रीच्या ताब्यात देणे हा निक्षेप, म्हणजे काही कामासाठी वस्तू सोपवून ती परत घेण्याचा करार ठरतो आणि कलम १५१ प्रमाणे, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी लाँड्रीने घ्यायलाच हवी. कपडे धुणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला चिन्हे कळत नाहीत ही सबब, माझ्या मते, टिकणार नाही. लेबलवरील सूचना स्पष्ट असल्यामुळे उत्पादकाला या तक्रारीत ओढू नये.

पावतीमागची अट मात्र गांभीर्याने पाहावी लागेल. आपण तिच्यावर सही केली असेल, तर वाद अवघड होतो. सही नसेल आणि अट कोणी दाखवली नसेल, तर मद्रास उच्च न्यायालयाचा १९६५ चा निवाडा आधाराला घ्यावा. लाँड्रीने हरवलेल्या साडीबद्दल बाजारभावाच्या १५ टक्केच भरपाई देण्याची पावतीवरची अट त्या न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली होती. तो निवाडा महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला वजन देतो.

खरा प्रश्न पुराव्याचा आहे, कारण स्वेटर देताना धड होता आणि तो लाँड्रीतच आटला, हे आपल्याला दाखवायचे आहे. लेबलची फीत बहुधा कृत्रिम धाग्याची असल्याने ती आटत नाही. भोवतीची लोकर आटली, की फीत मध्येच फुगून उभी राहते आणि विणीचे टाके एकमेकांत मिसळून नमद्यासारखे दिसतात. फुटपट्टी शेजारी ठेवून या जागेचे फोटो काढावेत, छातीचे माप घ्यावे आणि ते लेबलवरील साइजशी ताडून पाहावे. खरेदीचे बिल, लाँड्रीची पावती आणि स्वेटर अंगात घातलेला जुना फोटोही सोबत ठेवावा.

आधी लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण उत्तर आले नाही तर तेही आपल्या बाजूचे ठरते. त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मात्र तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे. वापराचे चौदा महिने वजा होऊन पूर्ण ९,२०० मिळणार नाहीत, हे गृहीत धरूनच मागणी लिहावी.

तोवर स्वेटर ओल्या अवस्थेत ताणून पूर्ववत करण्याचा प्रयत्न करू नये आणि लेबल कापू नये. आयोगापुढे मूळ वस्तूच दाखवावी लागेल.