व्हिसासाठी पगाराचा दाखला मागताना

एचआरला नुसतं ‘सॅलरी सर्टिफिकेट द्या’ लिहिलंत तर दोन ओळींचा छापील नमुना हातात पडतो. काय हवं ते अर्जातच लिहा. शेंगेन टुरिस्ट व्हिसासाठी असं चालेल:

‘महोदय, फ्रान्सच्या व्हिसासाठी मला लेटरहेडवर पगाराचा दाखला हवा आहे. त्यात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मासिक एकूण व हातात येणारा पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन, शिक्का असावा.’

हातात येणारा पगार मुद्दाम मागा. दाखल्यावर ८०,००० आणि बँकेत जमा ६८,४०० दिसले की शंका येते. पीएफ, टीडीएसची वजावट पगारपत्रकात दिसते, तेही जोडा. रजेच्या तारखांत पूर्ण प्रवास बसायला हवा.