काठाचा आवाज

प्रश्न : सोलापुरात आमच्या भजनी मंडळात मी काळी एकमध्ये गातो. तार गंधारापाशी आवाज एकदम पातळ होतो आणि बुवा म्हणतात, “खोटा आवाज लावू नको.” फॉल्सेटो म्हणजे हाच का? मग मोडल व्हॉइसला ‘खरा आवाज’ म्हणायचं का? गळ्यात ‘खोट्या स्वररज्जू’ही असतात असं वाचलं. हा आवाज त्यांचा का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. खऱ्या स्वररज्जूंच्या थोड्या वर आणखी एक जोडी असते, तिला खोट्या स्वररज्जू म्हणतात. कुंथताना किंवा जड ओझं उचलताना ती जवळ येते. फॉल्सेटोशी तिचा संबंध नाही. तुमचा पातळ आवाजही त्याच स्वररज्जूंतून निघतो ज्यांतून तुम्ही घरी “चहा टाक गं” म्हणता. फॉल्सेटो हा इटालियन शब्द ‘फाल्सो’, म्हणजे खोटा, याचं लघुरूप आहे. शब्दातला खोटेपणा जुना, पण गळ्यात खोटं काही घडत नाही.

‘मोडल’चा खऱ्या-खोट्याशी तर अजिबात संबंध नाही. हॅरी हॉलियन या अमेरिकन आवाजतज्ज्ञाने हे नाव रूढ केलं, ते संख्याशास्त्रातल्या ‘मोड’वरून. मोड म्हणजे आपल्या दहावीच्या पुस्तकातला बहुलक, सगळ्यांत जास्त वेळा येणारी किंमत. माणूस बोलताना-गाताना सर्वाधिक वापरतो तो आवाज मोडल. ‘बहुलक आवाज’ असं भाषांतर कुणी करू नये एवढीच विनंती. मी ‘नित्याचा आवाज’ म्हणतो.

आता गळ्यात काय होतं ते. ‘रज्जू’ हा शब्दही जरा फसवतो. त्या दोऱ्या नाहीत, घड्या आहेत. प्रत्येक घडीच्या आत स्नायू, त्याच्यावर लवचिक तंतूंचा थर आणि सर्वांत वर मऊ ओलसर अस्तर. पुरुषात या घडीचा कंप पावणारा भाग साधारण १६ मिलिमीटर असतो, बाईत साधारण १०. नित्याच्या आवाजात आतला स्नायू आवळलेला असतो. त्यामुळे घडी आखूड आणि जाड होते, आपली सोलापुरी चादर घडी घालून ठेवावी तशी. दोन्ही घड्या काठावरच नाही, तर वरपासून खालपर्यंत बऱ्याच जाडीने एकमेकींना भिडतात. खालची कड आधी मिटते, मग वरची, आणि उघडतातही त्याच क्रमाने. दर फेरीत हवा काही काळ पूर्ण अडते आणि झटक्याने तुटते. त्या झटक्यातून मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वरांश भरपूर निघतात, म्हणून आवाज भरीव लागतो.

फॉल्सेटोत आतला स्नायू सैल पडतो आणि बाहेरचा एक स्नायू घडीला लांबीत ओढतो. हे बोटाने कळतं. कंठमण्याच्या खाली एक बारीक खळगा लागेल, त्यावर बोट ठेवून खालच्या सुरावरून वर चढत जा. खळगा अरुंद होत जातो, कारण दोन कूर्चा जवळ येऊन स्वररज्जू ताणतात. ताणलेली घडी लांब आणि पातळ होते. आता हलतो तो फक्त काठ, आतलं अंग जवळपास गप्प राहतं. काठ बहुधा पुरते मिटतही नाहीत, मधून हवा निसटते. म्हणून या आवाजात दम लवकर संपतो, बळ लावूनही आवाज फार मोठा होत नाही, आणि स्वर बासरीसारखा एकपदरी लागतो.

इथे तंबोरा जुळवणारा माणूस अडतो. तार लांब केली की स्वर खाली जायला हवा, मग स्वररज्जू लांब झाल्यावर तो वर का जातो? आकडे घालून बघू. समजा १६ मिलिमीटरची घडी ताणून २० केली. नुसत्या लांबीने स्वर पाचातल्या चार भागांवर उतरेल. पण तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणेही चढतो. म्हणून लांबी सव्वापट झाली तरी स्वर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर न्यायचा असेल, तर आडव्या छेदावरचा ताण सव्वासहापट हवा. एवढा ताण येतो कुठून? घडीतले तंतू मागावरच्या ताण्याच्या धाग्यासारखे वागतात. सैल असताना ओढ मुकाट घेतात, पण एका हद्दीनंतर जरासं ओढलं तरी एकदम ताठरतात. लांबी थोडी वाढते, ताण कितीतरी जास्त. खरी घडी ही साध्या तारेपेक्षा गुंतागुंतीची, पण दिशा हीच.

मात्र ‘लांब म्हणजे फॉल्सेटो’ असं लिहून ठेवू नका. नित्याच्या आवाजातही वर चढताना घडी लांबत आणि पातळ होत जाते. खरा फरक अंगाचा: आतला स्नायू कामात आहे की त्याने हात सोडलाय.

आता तुमचं गाणं. काळी एकचा मध्य सा सुमारे १३९ हर्ट्झ, तार सा २७७, आणि तार गंधार ३५०च्या आसपास. बऱ्याच पुरुषांत या दोन आवाजांमधला सांधा याच परिसरात असतो. तार सापर्यंत आतला स्नायू घडी जाड धरून असतो आणि बाहेरचा ओढत असतो. गंधारापाशी आतल्याची पकड सुटते आणि घडी क्षणात पातळ होते. स्वर उडी मारतो, त्याला आपण ‘आवाज चिरकला’ म्हणतो. एकादशीच्या भजनात माझा चिरकला होता, तबलजी अजून आठवण काढतात. दोन्ही आवाजांचे प्रदेश एकमेकांवर चढलेले असल्यामुळे तार रिषभ दोन्ही पद्धतींनी लावून पाहता येतो. आधी भरून लावा, मग हलका सोडा. स्वर तोच, पण दुसऱ्या खेपेला श्वास आधी संपला आणि आवाजाची धार गेली, तर तुमचा फॉल्सेटो तिथूनच लागतोय. बायकांत हा बदल इतका ठळक ऐकू येत नाही, त्यामुळे ही खूण तिथे जपून वापरावी.

शब्दांचं म्हणाल, तर ‘जाड आवाज’ आणि ‘बारीक आवाज’ गळ्यातल्या स्थितीशी छान जुळतात, पण अडचण करतात. लहान पोराचा आवाज बारीकच असतो आणि तो त्याचा नित्याचाच आवाज असतो. ‘किनरा’चंही तेच, तो स्वभाव सांगतो, यंत्रणा नाही. म्हणून फॉल्सेटोला मी ‘काठाचा आवाज’ म्हणतो. लुगड्याचा काठ सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बुवांना मात्र ‘खोटा’ म्हणू द्या. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की गंधार भरून लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर पेटी अर्धा सूर उतरवून पांढरी एकवर घ्यायला सांगा. मग तोच गंधार ३३०वर येतो.