आधी सांगा, कोणतं पान?

“मॅडम, माझ्या चॅनेलचे सबस्क्रायबर रोज कमी व्हायलेत. मी काही वाईट टाकलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. मग सोडून का चाललेत लोक? रात्री दोनला उठून आकडा बघायलोय.”

गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी लातूरच्या माझ्या खोलीत कितीदा ऐकलं असेल! कीर्तनाचे व्हिडिओ टाकणारा मुलगा म्हणाला, गणित शिकवणारे गुरुजी म्हणाले, पाककृती दाखवणाऱ्या एक वहिनी तर रडल्याच. त्यातला एकच अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हा तिशीच्या आतला शेतकरी. सोयाबीनवर व्हिडिओ करतो आणि चांगले करतो. एके दिवशी चॅनेलवरचा 12.4K हा आकडा 12.3K झाला. “शंभर माणसं एका रात्रीत गेली,” तो म्हणाला. गावातल्या काही पोरांनी ग्रुप करून हे केलं, असा त्याचा पक्का संशय होता. त्यांच्यातल्या एकाशी बोलणंही बंद झालं होतं. बायको सोबत आली होती. ती एवढंच म्हणाली, “जेवताना बी मोबाईल ताटाच्या कडेला आसतोय.”

मी समुपदेशक आहे, यूट्यूबची तज्ज्ञ नाही. पण घटना आणि आपला त्रास यांच्यामध्ये आपण लावलेला अर्थ बसलेला असतो, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. त्यामुळे ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला मी देत नाही. अर्थ चुकीचा असेल तर मन शांत राहणारच नाही. आधी अर्थ तपासायचा.

पहिले दोन तास वाया गेले, हे कबूल करते. मी त्याला भावनांबद्दल विचारत होते आणि तो मला आकडे सांगत होता. तिसऱ्या वेळी मी विषयच बदलला.

“एखाद्या शेतकऱ्यानं फोन करून सांगितलं, ‘सोयाबीन पिवळं पडलं, कोणतं औषध मारू?’ तर तुम्ही काय सांगता?”

“औषध नाही सांगत. आधी विचारतो, कोणती पानं? वरची का खालची?”

“का?”

त्याचा आवाजच बदलला. “खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. आपल्या चुनखडीच्या रानात हे लई दिसतं. अन् शेंगा भरल्यावर सगळंच पिवळं होऊन पानं गळाली, तर ते पीक पक्व झालंय, काढायची तयारी करा. पिवळं म्हणलं की फवारा मारणारा माणूस पैसे घालवतो.”

“आणि तुमचे सबस्क्रायबर पिवळे पडलेत तर?”

तो गप्प झाला. बाहेर औसा रोडवरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. पंचवीस वर्षं हे काम करते आहे, अशी शांतता आली की मी मध्ये बोलत नाही. मग तो हळूच म्हणाला, “मी फकस्त रंग बघायलो. कोणतं पान, हे बघितलंच नाही.”

त्यानंतर आम्ही माझ्या लॅपटॉपवर त्याचा यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलवाल्यालाच दिसणारं आकड्यांचं पान, उघडला. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये सगळे तपशील मिळत नाहीत.

पहिला उलगडा पाच मिनिटांत झाला. लोकांना दिसणारा आकडा २०१९ पासून राउंड करून दाखवतात, तोही खालच्या बाजूला. १२,४०० असो की १२,४९९, दिसणार 12.4K. बाराशे-तेराशेच्या चॅनेलचा आकडा दर दहाला हलतो, दहा हजारांच्या पुढे लाखापर्यंत दर शंभराला. म्हणजे १२,४०० वरून एक माणूस गेला तरी पाटीवर शंभर गेल्यासारखं दिसतं. खरा आकडा स्टुडिओत असतो. तिथे पाहिलं तर त्याचा चॅनेल अठ्ठावीस दिवसांत १२,४३१ वरून १२,३४४ वर आला होता. नवे २१४ आले, ३०१ गेले. शंभर माणसं एका रात्रीत गेलीच नव्हती.

मग गेलेल्या ३०१ ची पानं वेगळी करायला बसलो. Subscription source या तक्त्यात Closed accounts अशी एक ओळ असते. त्यात ५८ होते, बहुतेक एकाच तारखेला. ही सोडून गेलेली माणसं नव्हेत. ती खाती लोकांनी स्वतः बंद केली किंवा यूट्यूबने काढून टाकली. यूट्यूब अशी साफसफाई अधूनमधून करतं. डिसेंबर २०१८ मध्ये तर आगाऊ सांगून बनावट सबस्क्रायबर काढले होते. एकाच दिवशी खड्डा आणि त्या दिवशी व्हिडिओ नाही, तर पहिल्यांदा इथे बघायचं.

उरलेल्यांत बरेच जण व्हिडिओ टाकलेल्या किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले होते. “म्हणजे व्हिडिओ वाईट?” त्याचा चेहरा पुन्हा पडला. पण त्याच दिवशी येणारेही वाढलेले होते. सूचना वाजली की विसरलेल्या माणसाला आठवतं, अरे, हे आपण कधी घेतलं होतं? पोळ्याला त्याने बैलजोडी सजवतानाची छोटी क्लिप टाकली होती, ती खूप चालली आणि सबस्क्रायबरांचा लोंढा आला. त्यांना बैल हवे होते. आता जूनमध्ये त्यांच्यासमोर बीजप्रक्रिया येते. कोण गेला, कधी आलेला होता, हे यूट्यूब नावानिशी दाखवत नाही, म्हणून हा आमचा अंदाजच. पण त्याला एक ताळा लावता येतो. सबस्क्राइब केलेले लोक महिन्यात एकूण किती वेळ बघतात, हे स्टुडिओत वेगळं दिसतं. ते कमी झालं नव्हतं. गेलेले लोक बघतच नव्हते. ही शेंगा भरल्यानंतरची पानगळ.

इथे थांबले असते तर त्याला गोड वाटलं असतं. पण मी थांबत नाही. मी त्याला म्हटलं, प्रत्येक व्हिडिओवरून गेलेले लोक हजार दर्शनांमागे किती, ते काढा. नुसत्या आकड्यात मोठा व्हिडिओ नेहमीच दोषी दिसतो. त्याचा पेरणीचा व्हिडिओ चाळीस हजार जणांनी पाहिला, वीस गेले. हजारी अर्धा. दुसरा एक होता, तीन हजार दर्शनं आणि ३१ गेलेले. हजारी दहा.

“हा कशाचा?”

तो खिडकीकडे बघत म्हणाला, “टॉनिकवाल्यांनी पैसे दिले होते. मी स्वतः वापरलं नव्हतं.”

गावातल्या पोरांचा यात कुठेच माग नव्हता. हे ३१ मात्र खरे रुसलेले. मी त्याची समजूत काढली नाही, गरजही नव्हती. तो व्हिडिओ काढायचा की त्यावर ‘पैसे घेऊन केला’ असं सांगायचं, हे त्याने ठरवायचं होतं. माझ्याकडून नियम एकच: आकडा रविवारी एकदा बघायचा, वहीत ‘आले, गेले, बंद खाती’ असे तीन रकाने, आणि शेवटचे दोन-तीन दिवस सोडून द्यायचे, कारण तपशील उशिरा भरतात.

महिन्याने दोघं पुन्हा आले. पाटीवर तेव्हा 12.2K होतं, त्याने स्वतःच हसत सांगितलं. टॉनिकबद्दल त्याने पुढच्या व्हिडिओत सरळ सांगून टाकलं होतं. त्यावर अजून काही गेले. “ते माझ्या चुकीचे, मान्य,” म्हणाला. अबोला धरलेल्या मित्राकडे मात्र अजून गेला नव्हता.

निघताना तो माझ्या खिडकीतल्या कुंडीपाशी वाकला. “मॅडम, लिंबाची वरची पानं पिवळी हायेत, शिरा हिरव्या. काय करता याला?”

“रोज पाणी घालते. कमी पडत असेल म्हणून.”

“पाणी कमी करा. थोडं फेरस सल्फेट द्या.”