तुझी सकाळ दुपारी दोनला होते

प्रिय मित्रा,

काल रात्री पॅन्ट्रीत तू फसफसणारी पुडी पाण्यात टाकून एका दमात प्यायलास आणि वर मलाच म्हणालास, "काही नाही दादा, पित्त झालंय." ह्या आठवड्यातली तुझी ती तिसरी पुडी. मी मोजतोय, कारण काही वर्षांपूर्वी त्याच सिंकपाशी मी उभा असायचो आणि माझ्या ड्रॉवरमध्ये तसल्या पुड्यांचा अख्खा डबा असायचा.

तेव्हा मी डिचोलीहून ये-जा करायचो. पहाटे साडेचारला लॉगआउट, सव्वापाचला गाडी दारात. आईने भात आणि बांगड्याचं हुमण झाकून ठेवलेलं असायचं. भूक अशी लागलेली की दोनदा वाढून घ्यायचो आणि सहाच्या आत अंथरुणात. आठच्या सुमारास घशाशी आंबट येऊन दचकून जाग यायची. उठून बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आडवं व्हायचं. मग शिफ्टचे पहिले तास-दोन तास आवाज बसलेला. एकदा पलीकडच्या अमेरिकन आजीबाईंनी आपली तक्रार बाजूला ठेवून मला सर्दीवरचा उपाय सांगितला होता! मी सगळा दोष गाड्यावरच्या रोस ऑम्लेटला दिला आणि ते सोडलं. महिनाभर मिरची सोडली. जळजळ काही सोडेना. असे आठ महिने काढले.

शेवटी एका रात्री छाती इतकी जळली की घाबरून म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी पोटाचं काही विचारलंच नाही. जिना चढताना दुखतं का, दुखणं हातात किंवा जबड्यात जातं का, दरदरून घाम येतो का, घरात कोणाला हृदयाचा आजार आहे का, हे सगळं विचारून त्यांनी ईसीजी काढला. तो ठीक आल्यावरच म्हणाल्या, "चला, आता पोटाकडे बघू." पित्त की हृदय हे आपण पॅन्ट्रीत उभं राहून ठरवायचं नसतं. छातीत दाब, घाम, धाप असं काही झालं तर पुडी न शोधता १०८ ला फोन करायचा.

मग त्यांनी माझा दिवस तासातासाने लिहून घेतला आणि माझीच पाण्याची बाटली उचलली. झाकण थोडं सैल केलं. उभी बाटली, काही नाही. आडवी केली तर माझ्या केसपेपरवर थेंब. म्हणाल्या, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास गिळला की ते उघडतं आणि मिटतं. मधूनमधून हवा वर सोडायलाही उघडतं, तोच आपला ढेकर. पोट तुडुंब भरलेलं असलं की ते जास्त वेळा सैल पडतं, आणि हवेबरोबर आम्लही वर येतं. त्याला रिफ्लक्स म्हणतात. जठराला आम्ल सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही. "तुमचं आम्ल जास्त झालंय असं नाही, ते नको तिथे पोचतंय," असं त्या म्हणाल्या. जागेपणी आपण सारखी थुंकी गिळतो, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन खाली जातं. झोपेत थुंकी कमी आणि गिळणंही कमी, शिवाय आडवं असल्यामुळे ते आपोआप खाली उतरत नाही. म्हणून नलिका तासन्‌तास भाजत राहते. हुमण-भात पोटातून पुढे सरकायला तीन-चार तास घेतो आणि मी त्याला पाऊण तासही देत नव्हतो.

त्यांनी पॅन्टोप्राझोल ४० लिहून दिली, आठ आठवडे, सकाळी उपाशीपोटी. इथे मी मोठी चूक केली, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. मी 'सकाळी' म्हणजे पहाटे घरी आल्यावर ती घ्यायचो आणि झोपायचो. पंधरा दिवस झाले तरी फरक नाही. डॉक्टर बदलायच्या विचारात होतो. पुन्हा गेलो तर त्यांनी कपाळावर हात मारला, पण चूक स्वतःकडे घेतली: "तुमची सकाळ कधी होते हे मीच विचारायला हवं होतं." जठरातले आम्ल सोडणारे पंप खाणं सुरू झालं की कामाला लागतात, आणि ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद करते. शिवाय रक्तात ती थोडेच तास टिकते. गोळी घेऊन झोपलं की पंप निवांत आणि गोळी जवळजवळ वाया. माझी सकाळ दुपारी दोनला व्हायची. उठल्यावर गोळी, अर्ध्या तासाने जेवण, असं सुरू केलं आणि दहा-बारा दिवसांत आठ वाजताची ती जाग थांबली.

गोळीपेक्षा कठीण होतं ते आईला पटवणं. पोरगं रात्रभर राबून येतं आणि उपाशी झोपतं, हे कुठल्या आईला रुचेल? तोडगा असा निघाला की तेच जेवण डब्यात घालून न्यायचं. अर्धं बाराच्या ब्रेकला, उरलेलं अडीचला. सहाला झोपेपर्यंत साडेतीन तास मिळतात. घरी आल्यावर फार तर दोन घोट पाणी.

उशांची चळत मीही करून पाहिली, पण तिने नुसती मान वाकते, पोट दुमडतं आणि उलट दाब वाढतो. खाटेची डोक्याकडची बाजूच सहा ते आठ इंच उचलावी लागते. आम्ही चिऱ्याचे दोन तुकडे तासून पायांखाली घातले. पाय घसरू नये म्हणून मध्ये खाच मारून घे. झोपताना डाव्या कुशीवर झोप. तसं झोपलं की जठर नलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं.

कॉफीबद्दल त्या सरसकट काही बोलल्या नाहीत, ज्याला जे बाधतं ते त्याने पाहावं म्हणाल्या. मला चार वाजताची मशीनची कॉफी आणि थंड सोडा बाधायचा. रोस ऑम्लेट बिचारं निर्दोष निघालं, निदान बाराच्या ब्रेकला खाल्लं तर.

गोळी मात्र माझं नाव सांगून फार्मसीतून आणू नकोस. थांबवायची कधी आणि कशी हेही डॉक्टरनाच विचार, कारण एकदम सोडली तर काही दिवस जळजळ उसळून येऊ शकते. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं दिसलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुर्बिणीची तपासणी लागते आणि ती लांबवायची नसते.

तुझा दुसरा ब्रेक सध्या सव्वातीनला आहे. शुक्रवारी रोस्टर लावताना तो अडीचला घेतो. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की आपली शिफ्ट तासभर पुढे सरकेल, तेव्हा ब्रेकही तेवढाच सरकवू. सोमवारी डबा घेऊन ये आणि डॉक्टरांकडे कधी जातोस ते सांग. त्या दिवशीची तुझी शिफ्ट मी सांभाळतो.

तुझा,
दादा